सिलेंडर दारात आल्यावर पावतीपेक्षा जास्त पैसे मागितले तर काय करायचं?

पावतीवर 860 रुपये लिहिलेले असतात आणि सिलेंडर घेऊन आलेला माणूस 900 मागतो. कारण विचारलं तर "तिसरा मजला आहे", "सगळेच देतात" किंवा "सुट्टे नाहीत" असं काहीतरी उत्तर मिळतं. घरात गॅस संपत आलेला असतो आणि पुढच्या महिन्यात हाच माणूस पुन्हा येणार असतो. त्यामुळे बहुतेक जण वाद न घालता पैसे देऊन टाकतात.

पण हे 40 रुपये द्यायलाच हवेत का? नाही म्हटलं तर सिलेंडर अडवता येतो का? आणि तक्रार केली तर ती नेमकी कोणाविरुद्ध होते?

घरपोच आणण्याचे पैसे आधीच घेतलेले असतात

14.2 किलोच्या घरगुती सिलेंडरची जी किंमत आपण भरतो, त्यात गॅस एजन्सीचं कमिशन धरलेलं असतं. या कमिशनचे दोन भाग असतात. एक एजन्सी चालवण्याच्या खर्चाचा आणि दुसरा सिलेंडर घरापर्यंत पोहोचवण्याचा. 2022 नंतरच्या हिशोबात हे कमिशन 73 रुपयांच्या आसपास आहे आणि त्यातले साधारण 33 रुपये घरपोच सेवेचे आहेत.

म्हणजे दारात मागितलेले 40 रुपये हे त्याच कामाचे दुसऱ्यांदा घेतलेले पैसे असतात. ग्राहक स्वतः गोदामातून सिलेंडर घेऊन गेला, तर घरपोच सेवेची ही रक्कम त्याला किमतीतून वजा करून मिळायला हवी. या सवलतीला 'कॅश अँड कॅरी' सूट म्हणतात.

मजल्याप्रमाणे दर बदलतो का?

नाही. तळमजला असो की चौथा, लिफ्ट असो वा नसो, एजन्सीच्या हद्दीत पावतीवरची रक्कम तीच राहते. हैदराबादमधल्या एका माहिती अधिकार अर्जाला उत्तर देताना हिंदुस्तान पेट्रोलियमनेही हेच सांगितलं होतं. सिलेंडर दारापर्यंत पोहोचवणं ही वितरकाची जबाबदारी आहे आणि ग्राहकाने वर काही देण्याची गरज नाही.

याला मर्यादा आहे ती अंतराची. एजन्सीच्या मोफत वितरणाच्या हद्दीबाहेर घर असेल, तर जादा वाहतूक खर्च लागू शकतो. ग्रामीण भागातले काही वितरक सिलेंडर घरी न पोहोचवता केंद्रावरूनच देतात. पण अशा वेळीही नियम सोपा आहे. जी रक्कम घ्यायची ती पावतीवर दिसली पाहिजे. जी पावतीवर नाही, ती मागण्याचा हक्क कोणाला नाही.

मग तो माणूस पैसे का मागतो?

सिलेंडर आणणारा माणूस तेल कंपनीचा नोकर नसतो. त्याला एजन्सीने ठेवलेलं असतं आणि अनेक ठिकाणी त्याची कमाई त्या दिवशी किती सिलेंडर पोहोचवले यावर ठरते. रिकाम्या सिलेंडरचं वजन साधारण 15 ते 16 किलो असतं. त्यात 14.2 किलो गॅस धरला, तर जवळपास 30 किलोचं ओझं खांद्यावर घेऊन तो जिने चढतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्याचे श्रम खरोखरच जास्त असतात.

पण त्या श्रमाचा मोबदला एजन्सीने द्यायचा असतो आणि त्यासाठीची रक्कम ग्राहकाकडून एजन्सीला मिळालेली असते. ती त्याच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नसेल, तर तो प्रश्न एजन्सी आणि त्याच्यातला आहे. म्हणूनच दारात त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही आणि तक्रारही त्याच्यापेक्षा एजन्सीविरुद्ध करणं योग्य ठरतं.

कोणी खुशीने 20 रुपये दिले किंवा दिवाळीला पोस्त दिली, तर त्यात काहीच गैर नाही. फरक एवढाच, की बक्षिसाची रक्कम देणारा ठरवतो. ती समोरच्याने ठरवली आणि त्याशिवाय सिलेंडर देत नाही म्हटलं, की ती वसुली होते.

दारात नेमकं काय करायचं?

सगळ्यात सोपा उपाय बुकिंगच्या वेळीच करता येतो. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा यूपीआयने आधीच पैसे भरले, तर दारात रोख व्यवहारच उरत नाही आणि सुट्ट्यांचा मुद्दाही संपतो. रोखच द्यायचे असतील, तर मोजून नेमकी रक्कम तयार ठेवावी.

समजा, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. पावती 860 ची आहे आणि मागणी 900 ची. आजींनी आधी पावती मागावी. ती हातात आल्यावर शांतपणे एवढंच म्हणावं, "दादा, पावतीवर 860 आहेत, तेवढे घ्या. वरचे कशाचे ते पावतीवर लिहून द्या." बहुतेक वेळा मागणी इथेच थांबते, कारण पावतीवर न बसणारी रक्कम कोणी लिहून देत नाही.

इथे दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोबाइलवर आलेला कोड. बुकिंगनंतर नोंदणी केलेल्या नंबरवर डीएसी, म्हणजे डिलिव्हरीच्या खात्रीचा कोड येतो. तो सांगितला की सिलेंडर मिळाल्याची नोंद होते. त्यामुळे सिलेंडर घरात येऊन सील आणि वजन तपासून झाल्यावरच कोड सांगावा. खाली गाडीजवळून किंवा फोनवर कोड मागितला, तर देऊ नये. कोड आधी दिला आणि पैशांवरून सिलेंडर परत नेला, तर नोंदीत तो तुम्हाला मिळालेला दिसेल.

सिलेंडर द्यायलाच नकार दिला तर?

तारीख, वेळ, मागितलेली रक्कम आणि पावतीचा किंवा बुकिंगचा क्रमांक लिहून ठेवा. आधी एजन्सीला फोन करा. अनेकदा तिथेच प्रश्न सुटतो आणि सिलेंडर त्याच दिवशी परत येतो.

तसं झालं नाही, तर 1800-2333-555 या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार करा. इंडेन, भारत गॅस आणि एचपी गॅस या तिन्हींसाठी हा एकच क्रमांक आहे. कंपनीच्या अ‍ॅपवरही तक्रार नोंदवता येते. तक्रार क्रमांक जपून ठेवा. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर जावं लागलं, तर तो उपयोगी पडतो. (1906 हा क्रमांक मात्र गॅस गळतीसाठी आहे, पैशांच्या तक्रारीसाठी नाही.)

तक्रारीत "नेहमी जास्त पैसे घेतात" असं मोघम लिहिलं, तर एजन्सीला ते सहज नाकारता येतं. "अमुक तारखेला, अमुक पावतीवर 860 असताना 900 मागितले" असं लिहिलं, तर एजन्सीला त्याच नोंदीबद्दल उत्तर द्यावं लागतं.

पुढचा सिलेंडर मुद्दाम उशिरा येईल, ही भीती अनेकांना गप्प बसवते. तसं वारंवार घडलं, तर जोडणी दुसऱ्या एजन्सीकडे नेण्याची सोय आहे. आपल्या भागात दुसरा वितरक असेल, तर कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा mylpg.in वरून त्यासाठी अर्ज करता येतो.

एकाच इमारतीतल्या चार-पाच घरांकडून अशीच वसुली होत असेल, तर प्रत्येकाने आपापल्या पावतीसह वेगळी तक्रार नोंदवावी. एक तक्रार गैरसमज म्हणून सोडून देता येते. एकाच महिन्यातल्या पाच पावत्या तशा सोडून देणं एजन्सीला अवघड जातं.