चिवड्याची ऑर्डर आणि पंधरा दिवस

सांगलीकडचा एक चिवडा-चकलीचा कारखानदार. महिन्याला सहा लाखांची विक्री, बहुतेक रोखीची. घरखर्च आणि जुन्या कर्जाचा हप्ता गेला की हातात फारसं उरत नाही. बँकेत शिल्लक साडेतीन लाख. एक दिवस पुण्याच्या एका सुपरमार्केट साखळीचा खरेदी अधिकारी येतो आणि दरमहा चार लाखांच्या मालाची ऑर्डर देऊ करतो. माल महिनाअखेरीस एकदम पोचवायचा, पैसे मात्र माल पोचल्यावर साठ दिवसांनी. या मालाचा खर्च तीन लाख चाळीस हजार. त्यातली दोन लाख साठ हजारांची डाळ, पोहे, तेल पंधरा दिवसांच्या उधारीवर मिळतात; मजुरी, इंधन, पॅकिंग आणि गाडीभाड्याचे ऐंशी हजार रोख मोजावे लागतात. नफा महिन्याला साठ हजार. ऑर्डर घ्यावी का?

ही केस मी एस.वाय.बी.कॉम.च्या वर्गासाठी रचली आहे. कारखानदार काल्पनिक आहे आणि आकडे मुद्दाम गोल ठेवले आहेत. केस म्हटलं की विद्यार्थ्यांना शंभर पानांचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1921 साली वर्गासाठी लिहिलेली पहिली केस एका बूट कंपनीवरची होती आणि ती जेमतेम एक पान भरत होती. तेव्हाचे तिथले डीन वॉलेस डोनम हे कायदा शिकलेले. वकिलीच्या शिक्षणात खरे खटले वाचून वाद घालायची रीत होती, ती त्यांनी व्यापाराच्या वर्गात आणली. माझी केस तीन पानांची आहे, कारण चौथं पान वाचलं जात नाही.

ही तीन पानं तासाच्या चार दिवस आधी हातात पडतात. सोबत दोनच प्रश्न असतात: तुम्ही कारखानदार असता तर सोमवारी काय उत्तर दिलं असतं, आणि तो निर्णय कोणत्या एका आकड्यावर उभा आहे? उत्तर अर्ध्या पानात, स्वतःच्या अक्षरात लिहून आणायचं. वर्गात शिरताना तो कागद माझ्या हातात द्यायचा. हा कागद नसेल तर पुढचं सगळं कोसळतं. पहिल्या वर्षी मी तो मागितला नव्हता. निम्म्या वर्गाने केस वाचलेलीच नव्हती. मग मीच ती गोष्ट सांगत बसलो, आणि एकदा शिक्षकाने केस सांगितली की सांगताना निष्कर्षही त्याच्या तोंडून निसटतो. मुलं माझा चेहरा वाचून उत्तर देऊ लागली.

आता कागद येतात आणि जवळजवळ सगळ्यांवर एकच आकडा असतो: साठ हजार. नफा आहे, म्हणून ऑर्डर घ्या. मी काहीच बोलत नाही. कागद बाजूला ठेवतो आणि भूमिका वाटतो.

आमच्याकडचे बाक हलत नाहीत, म्हणून पुढच्या बाकावरच्या मुलांना मागे वळायला सांगून सहा-सहांचे गट करतो. कारखानदार, हिशेब सांभाळणारी त्याची बायको, सुपरमार्केटचा खरेदी अधिकारी, डाळ-तेलाचा घाऊक व्यापारी, बँकेचा कर्ज अधिकारी आणि एक निरीक्षक. निरीक्षक सोडून प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते, ती फक्त त्यानेच वाचायची. बँकवाल्याच्या चिठ्ठीत असतं, की कॅश क्रेडिट चार लाखांच्या वर देता येणार नाही. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीत, की दिवाळीपर्यंत उधारीचा एकही दिवस वाढवता येणार नाही. खरेदी अधिकाऱ्याला बोलताना साठ दिवसच म्हणायचं असतं, पण बिलावर दोन टक्के सूट मिळाली तर तो पंचेचाळीसवर येऊ शकतो. निरीक्षकाने तोंड उघडायचं नाही. कोणी कोणता आकडा काढला आणि कोणाचं मत कुठल्या वाक्यावर बदललं, एवढंच टिपायचं.

चिठ्ठ्या नसतात तेव्हा भूमिकांचं नाटक होतं. बँकवाला उगाच खडूस होतो, व्यापारी विनोद करतो आणि वर्ग हसत राहतो. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला ठाऊक नसलेली एक अट आली, की मात्र आवाज बदलतात. बहुतेक वेळा पेच सुटायला सुरुवात होते ती बायकोच्या भूमिकेपासून. तिच्या चिठ्ठीत मत नसतं, फक्त एक काम असतं: पहिला चेक हातात येईपर्यंत खिशातून किती जाईल, ते तारखांसकट मांड.

ती मांडते. पहिल्या महिन्याचा माल महिनाअखेरीस गेला, पैसे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस येणार. तोवर तीन महिन्यांचा माल करावा लागणार: तीन लाख चाळीस हजार गुणिले तीन, म्हणजे दहा लाख वीस हजार. त्यातून व्यापाऱ्याची पंधरा दिवसांची उधारी, एक लाख तीस हजार, वजा केली तर राहिले आठ लाख नव्वद हजार. बँकेत आहेत साडेतीन लाख. खड्डा पाच लाख चाळीस हजारांचा, आणि बँक देणार चारच. एवढा वेळ ‘घ्या, घ्या’ म्हणणारा कारखानदार इथे गप्प होतो. निरीक्षकांच्या कागदावर हा क्षण जवळजवळ नेहमी सापडतो.

मग सौदा सुरू होतो. पंचेचाळीस दिवस झाले तर अडीच महिन्यांचा खर्च: साडेआठ लाख, उधारी वजा जाता सात लाख वीस हजार. तूट तीन लाख सत्तर हजार, म्हणजे बँकेच्या मर्यादेत. पंधरा दिवसांची किंमत एक लाख सत्तर हजार रुपये रोकड, आणि सूट द्यावी लागली तरी ती महिन्याला आठ हजारांची. काही गट याच्याही पुढे जातात. केसच्या तिसऱ्या पानावर कारखान्याची उद्यम नोंदणी असल्याचं एका ओळीत लिहिलेलं असतं. ज्याने ते नीट वाचलं तो 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा काढतो: सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत. म्हणजे साठ दिवसांची अटच कायद्यात बसत नाही. मग आठ हजारांची सूट तरी का द्यायची? लगेच कोणीतरी म्हणतं, हे तोंडावर सांगितलं तर ऑर्डर राहील का? यावर वर्ग दुभंगतो. मी मत देत नाही, कारण खऱ्या कारखानदारांचंही यावर एकमत नाही.

दोन तास जोडून मिळतात, त्यातली शेवटची वीस मिनिटं मी कोणालाही देत नाही. चर्चा रंगलेली असली तरी तोडतो. घंटेमुळे हा भाग हुकला की मुलं भांडणाची मजा घेऊन घरी जातात आणि हातात काही राहत नाही. इथे पहिलं काम भूमिका उतरवण्याचं. चिठ्ठ्या परत घेतो, मुलं आपापल्या जागी जातात. नाहीतर बँकवाला झालेला मुलगा पुढेही बँकेचीच बाजू लढवत बसतो. मग निरीक्षक बोलतात, फक्त टिपलेलं. त्यानंतर फळ्यावर पैसे जाण्याच्या आणि येण्याच्या तारखांची एक रेघ काढतो आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा शब्द उच्चारतो: खेळतं भांडवल. पाठ्यपुस्तकात व्याख्या आधी येते, म्हणून ती पाठ होते. इथे ज्या गोष्टीने तासभर छळलं तिला नाव मिळतं.

शेवटी सकाळचे कागद परत देतो. त्याखाली दोन ओळी लिहायच्या: आता निर्णय काय, आणि आकडा कोणता बदलला? निर्णय तोच राहिला तरी हरकत नाही. पण आकडा अजूनही साठ हजारच असेल, तर त्या मुलाशी मला पुन्हा बोलायला हवं. दरवर्षी असे चार-पाच कागद निघतात. बहुधा ती मुलं गटात निरीक्षक होती. ऐकलं सगळं, पण आकडेमोड स्वतः केली नाही. म्हणून यंदापासून फळ्यावरची रेघ निरीक्षकांकडून काढून घेतो.

पुढच्या आठवड्यात नवी केस सुरू केली, गणवेश शिवून देणाऱ्या महिलांच्या गटाची. शाळेची ऑर्डर, तीनशे गणवेश, चांगला भाव, एवढं वाचून झालं होतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, शाळा पैसे कधी देणार?”