ट्रेडमिल घेताय? आधी खालच्यांचं छत बघा

‘ट्रेडमिल विकणे आहे. वापर कमी. मॅक्सिमम युजर वेट 110 किलो, असेंब्ली सोपी, फोल्डेबल, आवाज 65 डेसिबल.’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. दर वर्षी जानेवारीत घेतलेल्या मशिन्स गणपतीपर्यंत कपडे वाळत घालायच्या कामी येतात आणि मग स्वस्तात विकायला निघतात. सौदा झकास वाटतो. पण समजा, ही ट्रेडमिल तुम्ही उल्हासनगर कॅम्प 2 मधल्या चौथ्या मजल्यावर, 10 बाय 12 फुटांच्या हॉलमध्ये नेणार आहात आणि तुमचं वजन आहे 92 किलो. मग?

110 चा आकडा सांगतो मशिनची ताकद. चालायला 92 किलो चालेल, पण रोज धावणार असाल तर मार्जिन कमीच आहे. ट्रायल घेताना पाय टेकला की पट्टा क्षणभर अडखळतोय का, दहा मिनिटांत मोटरचा जळका वास येतोय का, ते बघा. यातलं काही जाणवलं तर सरळ ‘थँक यू’ म्हणा आणि निघा.

आता जाहिरातीत कधीच नसणारा आकडा: तुमच्या स्लॅबची ताकद. घराच्या खोल्यांसाठी आपल्याकडे स्लॅब साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम 19 किलो, एवढा वापराचा भार धरून डिझाइन करतात. ट्रेडमिल 60 किलोची, जागा व्यापते साडेपाच बाय अडीच फूट. तुम्ही नुसते उभे राहिलात तर चौरस फुटाला 11 किलो. धावताना मात्र प्रत्येक पाऊल वजनाच्या दोन-अडीच पट जोराने आदळतं. मग तोच हिशेब क्षणभर 21 वर जातो. घाबरू नका, हा भार आजूबाजूच्या स्लॅबमध्ये वाटला जातो आणि डिझाइनमध्ये वर सेफ्टीही धरलेली असते. चांगला स्लॅब हे आरामात झेलतो.

प्रश्न ‘चांगला’ या शब्दाचा आहे. 28 मे 2021 च्या रात्री कॅम्प 2 मध्येच, नेहरू चौकातल्या एका इमारतीत, वरच्या मजल्याचा स्लॅब खालचे मजले फोडत थेट तळापर्यंत आला. सात जण गेले. तिथे कुणी ट्रेडमिल लावली नव्हती, पण स्लॅबच कमकुवत असेल तर वरचा हिशेब कागदावरच राहतो. तुमच्या स्लॅबची तब्येत दिसते ती खालच्या घरात, कारण तुमची जमीन म्हणजे त्यांचं छत. त्यांच्याकडे चहाला जा आणि वर बघा. तपकिरी ओघळ, सरळ रेषेत गेलेल्या भेगा, फुगलेलं प्लास्टर, टकटक केल्यावर पोकळ आवाज, यातलं काहीही असेल तर आत सळ्या गंजत असाव्यात. मग मशीन नाही, आधी इंजिनिअर. इमारतीला तीस वर्षं झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच लागतं. सोसायटीकडे रिपोर्ट मागा.

चहा पिताना आवाजाचंही बोलून घ्या. जाहिरातीतले 65 डेसिबल म्हणजे मशिनच्या आसपास ऐकू येणारी मोटरची घरघर, तीही बहुतेकदा पट्ट्यावर कुणी नसताना मोजलेली. खाली पोचतो तो तुमच्या पावलांचा धप-धप, स्लॅबमधून. ऑफिसातून कर्जत लोकलने लटकत येऊन तुम्ही अकराला पळायला लागलात की खालची मावशी झाडू घेऊन छत ठोकणार, गॅरंटी! जाड रबर मॅटने थोडा फरक पडतो. मशीन खोलीच्या मध्यावर न ठेवता, खाली बीम असलेल्या भिंतीलगत ठेवलं तर स्लॅब कमी थरथरतो.

भिंतीलगत म्हणजे चिकटून नाही हं. बाजूंना दीड-पावणेदोन फूट आणि मागे साडेसहा फूट मोकळे हवेत. साडेपाच अधिक साडेसहा म्हणजे बारा, हॉलची अख्खी लांबी संपली! दिवाण कुठे ठेवणार? ‘फोल्डेबल’ ही सोय मशीन बंद असतानाची. मागची जागा वाचवून भिंत आली, की घसरलेला माणूस भिंत आणि फिरत्या पट्ट्यामध्ये अडकतो आणि कातडी सोलवटून निघते. घरात रांगतं मूल असेल तर सेफ्टी की काढून कपाटात ठेवा.

असेंब्ली खरंच सोपी असते, चार-सहा बोल्ट. कठीण असतो जिना. 60 किलोचं धूड लिफ्टशिवाय चौथ्या मजल्यावर न्यायला दोन दणकट माणसं आणि वळणावर पुरेशी जागा हवी, म्हणून आधी टेप घेऊन लँडिंग मोजा. खांब बसवताना आतली वायर चिमटली तर डिस्प्ले मुका होतो. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मागचा डावा बोल्ट पाव वळसा घड्याळाच्या दिशेने फिरवा, मिनिटभर चालवून बघा, मग पुढचा पाव.

आणि छत बघून शंका आलीच, तर मॅग्नेटिक एक्सरसाइज बाइकच्या जाहिराती चाळा. वजन साधारण निम्मं, पाय आदळतच नाहीत, चार बाय दोन फुटांत बसते. फक्त ‘मॅग्नेटिक’ लिहिलंय ना ते नीट वाचा. फेल्ट पॅडवाली घासत राहते आणि पॅड झिजला की किरकिर करते.