उशिरा येणारं गिऱ्हाईक आणि पार्लरची वही

शहरातल्या एखाद्या दोन खुर्च्यांच्या लेडीज पार्लरचा शनिवार घेऊ. चालवणाऱ्या ताई एकट्याच कलर आणि कट करतात, मदतीला एक मुलगी आहे. वहीत सकाळ अशी मांडलेली: दहाला एका काकूंचा रूट टच-अप, म्हणजे मुळाशी पांढरे दिसू लागलेले केस रंगवणं. दहा पन्नासला एका कॉलेजच्या मुलीचं थ्रेडिंग. पावणेबाराला एक हेअरकट, साडेबाराला फेशियल. एक चाळीसला जेवण, दोन दहाला पुन्हा काम.

वही दाटीची दिसते, पण मूर्खपणाची नाही. टच-अपचे एक तास पंचेचाळीस मिनिटं होतात. केसांचे भाग पाडून रंग लावायला पाऊण तास, मग रंग केसांत चढायला पस्तीस मिनिटं, शेवटी धुऊन ब्लो-ड्राय करायला पंचवीस. मधली पस्तीस मिनिटं काकू मासिक चाळत बसतात आणि ताईंचे हात मोकळे असतात. तेवढ्यात थ्रेडिंग उरकतं. सगळी चांगली पार्लरं याच मोकळ्या वेळेवर चालतात.

आता काकू दहा पंचवीसला आल्या. बारा वर्षांचं गिऱ्हाईक, दोन्ही मुलींच्या लग्नाचं सगळं काम इथेच झालेलं. ताई हसून म्हणतात, "या ना, बसा." रंग लावून होईपर्यंत अकरा दहा वाजतात, म्हणजे थ्रेडिंगवाली मुलगी दहा मिनिटांच्या कामासाठी वीस मिनिटं ताटकळते. काकू बारा दहाला उठतात. कटवाल्या बाई पंचवीस मिनिटं थांबलेल्या असतात, आणि त्यांच्यामागून फेशियलवाल्याही पंचवीस मिनिटं. फेशियल दोन पाचला संपतं, जेवणाला पाच मिनिटं उरतात. पंचवीस मिनिटांचा उशीर एकीने केला, पण वेळेवर आलेल्या तिघींची मिळून सत्तर मिनिटं गेली.

त्यात त्या तिघी भांडत नाहीत, हे सगळ्यात महाग पडतं. उशिरा आलेल्या बाईला परत पाठवलं तर ती चार जणींना सांगते. वेळेवर येऊन थांबलेली बाई मात्र "असू दे" म्हणते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या पार्लरला फोन लावते. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही हे खरं असलं, तरी त्या खोलीत जुनी गिऱ्हाइकं एकापेक्षा जास्त असतात, हे दारात निर्णय घेताना आठवत नाही. दारात निर्णय घ्यावाच लागू नये, नियमाचा उपयोग तेवढाच.

बहुतेक ठिकाणी नियम असतो तो एका आकड्याचा: पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर अपॉइंटमेंट रद्द. भिंतीवर पाटी लागते आणि पहिल्याच आठवड्यात ती कुणीतरी जवळचं मोडतं. मला वाटतं, ही पाटी चालत नाही कारण ती माणसाकडे बघते, कामाकडे नाही. पंधरा मिनिटं थ्रेडिंगला फार आहेत आणि टच-अपला थोडी. मर्यादा कामावरून काढावी. त्या कामातला कोणता भाग गाळला तरी काम बिघडत नाही, आणि तो भाग किती मिनिटांचा आहे, एवढं पाहायचं.

टच-अपमध्ये ब्लो-ड्राय गाळता येतो, साधारण पंधरा मिनिटांचा. टॉवेलने टिपलेल्या केसांनी घरी जाण्यात काही बिघडत नाही. पण रंग चढायची वेळ गाळता येत नाही, आणि चूक नेमकी इथे होते. घाई झाली की पस्तीसऐवजी वीस मिनिटांतच केस धुतले जातात. केसांचा टिकाऊ रंग डेव्हलपरशी मिसळल्यावर हळूहळू तयार होतो. आधी केसाचा मूळ रंग थोडा उतरतो आणि त्याच वेळी नवा भरत जातो. मध्येच धुतला तर तांबूस छटा राहते, पांढरे केस पुरते झाकले जात नाहीत आणि थोड्याच दिवसांत काकूंचा फोन येतो, "या वेळी रंग टिकलाच नाही गं." आपण पंचवीस मिनिटं उशिरा गेलो होतो, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात नसतं. वेळ वाचवायला केलेलं काम दुसऱ्यांदा, फुकट करावं लागतं.

तेव्हा टच-अपला पंधरा मिनिटं ब्लो-ड्रायची आणि वर दहा मिनिटं ढिलाईची, अशी पंचवीस मिनिटांची मर्यादा ठरते. फेशियलमध्ये मसाज थोडा आखडता येतो, पण मास्क नाही, तिथे पंधरा. थ्रेडिंगमध्ये गाळण्यासारखं काहीच नाही, मात्र ते कुठल्याही फटीत बसतं, म्हणून तिथे रद्द करायचा प्रश्न नाही, थांबायला सांगायचं. लग्नाच्या मेकअपच्या ट्रायलला कात्री लावूच नये. उशीर झाला तर सरळ दुसरा दिवस द्यावा.

गिऱ्हाइकाला हा सगळा तक्ता ऐकवायचा नसतो. अपॉइंटमेंट घेतानाच, आणि आदल्या संध्याकाळच्या व्हॉट्सअॅपवर पुन्हा, एवढं पुरतं: "दहा ते पावणेबारा वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. दहा मिनिटं पुढे-मागे झालं तरी चालेल. त्याहून उशीर झाला तर उरलेल्या वेळेत जेवढं नीट होईल तेवढं करू." यात संपायची वेळ सांगितलेली आहे, आणि सगळा भार तिच्यावर आहे. नुसतं "दहाला या" म्हटलं की पुढचा सगळा वेळ आपलाच, असं कुणालाही वाटतं.

ढिलाईची दहा मिनिटं द्यायची तर ती वहीत असायला हवीत, नाहीतर ती शेजारणीच्या खिशातून जातात. प्रत्येक कामामागे पाच मिनिटं ठेवली तर ती गप्पांत विरघळतात. त्यापेक्षा जेवणाआधी एक आणि दुपारी एक, असा वीस-वीस मिनिटांचा कोरा रकाना ठेवावा. सकाळी सगळं वेळेवर झालं तर त्यात ब्रश, टॉवेल होतात किंवा एखादं थ्रेडिंग बसतं.

आता तोच शनिवार नियम लावून बघू. बारा तीस ते बारा पन्नास कोरा रकाना ठेवला आहे, फेशियल बारा पन्नासला घेतलं आहे. दहा वाजून पाच मिनिटांनी मदतनीस मुलगी काकूंना फोन करते, "काकू, निघालात का?" पाचाव्या मिनिटालाच, विसाव्याला नव्हे, कारण अजून वही हलवता येते. काकू म्हणतात, वीस मिनिटांत पोचते. लगेच थ्रेडिंगवालीला निरोप जातो: अकरा दहाला ये. ताई तोवर रंग कालवत नाहीत, कारण डेव्हलपर घातलेला रंग ठेवता येत नाही, फेकावा लागतो. काकू दहा पंचवीसला येतात. ताई म्हणतात, "पावणेबारापर्यंतचा वेळ तुमचाच आहे काकू, पण आता सगळं बसणार नाही. रंग पूर्ण करते, केस ओले घेऊन जावे लागतील. नाहीतर बुधवारी अकराला या, निवांत सेट करून देते." काकू रंग करून घेतात आणि अकरा पंचावन्नला उठतात. कटवाल्या बाई दहा मिनिटं थांबतात, बारा चाळीसला मोकळ्या होतात, आणि उरलेला उशीर कोऱ्या रकान्यात जिरतो. फेशियलवाल्यांना काही कळतही नाही.

ताईंच्या बोलण्यात "उशीर" हा शब्दच आला नाही. वेळ किती उरला आणि त्यात काय होईल एवढंच आलं, आणि निवड काकूंनी केली. बारा वर्षांच्या ओळखीला एवढं पुरतं. एखाद्या दिवशी त्यांना पूर्ण सूट द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी, फक्त ती ताईंच्या जेवणाच्या वेळेतून द्यावी, पुढच्या बाईच्या वेळेतून नाही, आणि वहीत त्यांच्या नावापुढे खूण करावी. वर्षभरात तीन खुणा झाल्या की पुढची वेळ दहाची देऊ नये. कोऱ्या रकान्याच्या आधीची किंवा दिवसातली शेवटची द्यावी. काही ताई अशा बाईंना साडेदहाचं काम असताना दहाची वेळ सांगतात. ही हुशारी त्या एकदा खरंच दहाला येऊन बसेपर्यंतच टिकते.

दंड लावावा का, हा प्रश्न हमखास निघतो. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा यावरचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरं पाहिली. त्यांतल्या सहांमध्ये, मुलाला न्यायला दहा मिनिटांहून जास्त उशीर केला तर छोटा दंड सुरू केला. उशीर करणारे पालक कमी होण्याऐवजी वाढत गेले, जवळपास दुप्पट झाले, आणि दंड बंद केल्यावरही पहिल्या पातळीवर परत आले नाहीत. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. दंड लागल्यावर ती वेळ विकत मिळू लागली. पार्लरमध्ये शंभर रुपयांचा दंड लावला तर काकू शंभराची नोट ठेवून निश्चिंतपणे अकराला येतील.

आगाऊ रकमेची गोष्ट वेगळी. नवरीचा मेकअप किंवा स्मूदनिंगसारख्या अर्ध्या दिवसाच्या कामाला ती घ्यावी, बिलातून वजा करावी आणि एकदा तारीख बदलायची मुभा द्यावी. अट आधी लेखी सांगितलेली हवी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड ठरवणारा करार अनुचित करारात मोडतो, तेव्हा सगळी रक्कम गिळण्याचा नियम करण्याआधी विचार करावा.

नियम दोन्ही बाजूंना लागला तरच त्याला मान राहतो. पार्लरकडूनच पंधरा मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर बाई घरून निघण्याआधी तिला फोन गेला पाहिजे. तसं न कळवता ती येऊन बसली, तर त्या दिवशीचं थ्रेडिंग तरी पार्लरने आपल्या खर्चाने करावं.

वहीत आणखी दोन रकाने आखावेत: बाई आली कधी आणि काम सुरू झालं कधी. महिनाभराने दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. बाया वेळेवर आल्या आहेत पण काम उशिरा सुरू झालं आहे, असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर उशीर गिऱ्हाइकांचा नाही, वेळेचा अंदाज चुकला आहे. बहुधा दाट, लांब केसांच्या टच-अपलाही तीच पावणेदोन तासांची वेळ दिलेली सापडते, आणि तिथे पाटी कितीही मोठी लावली तरी उपयोग नसतो. त्या नावापुढे सव्वादोन तास लिहावे लागतात.