गोचीड जनावरावर, अंडी भिंतीत

धार-देवास पट्ट्यात पावसाळा लागला, की गोठ्यातल्या गाई शेपटी आपटू लागतात आणि दावणीच्या खांबाला अंग घासू लागतात. कानाच्या आत, मानेखालच्या पोळीत, कासेजवळ आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवला की एरंडीच्या बीएवढे टणक, राखाडी गोचीड हाताला लागतात. रक्त पिऊन फुगलेल्या या माद्या असतात.

शेतकरी त्या उपटतो, चिरडतो आणि काम झाले असे समजतो. पण खरा प्रश्न तेव्हा गोठ्याच्या भिंतीत असतो. गाईवरचा नेहमीचा गोचीड तिच्या अंगावर जेमतेम तीन आठवडे राहतो. मग फुगलेली मादी गळून पडते, भेगेत किंवा शेणकचऱ्याखाली जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिल्ले पुन्हा जनावराची वाट पाहतात. त्यामुळे एकदाच फवारणी केली, तर महिन्याभरात गोठा पुन्हा भरतो.

फवारणीसाठी डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के हे औषध सर्रास वापरले जाते. गोचिडांसाठी प्रमाण साधारण एका लिटर पाण्याला दोन मिलि. तरी बाटलीवरचे प्रमाण आणि पशुवैद्यकाचा सल्ला अंतिम. फवारा केसांच्या उलट दिशेने, अंग पूर्ण भिजेपर्यंत मारायचा. डोळे, तोंड आणि जखमा वाचवायच्या. आधी जनावराला पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते ओले अंग चाटणार नाही. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी. त्याच दिवशी भिंतीच्या भेगा बुजवून चुना लावायचा. औषध पातळ केले किंवा तेच ते वर्षानुवर्षे वापरले, तर गोचीड त्याला दाद देत नाहीत. फवारणीनंतर आठवड्याभरात फुगलेल्या माद्या तशाच दिसल्या, तर हे ओळखावे आणि औषध बदलून घ्यावे.

संकरित गाईंना जास्त जपावे लागते. ताप, सुजलेल्या गाठी, फिकट पापण्या ही थायलेरियाची, तर लाल लघवी ही बबेसियाची खूण असू शकते. दोन्ही रोग गोचिडांतूनच येतात, आणि तेव्हा फवारा नव्हे, डॉक्टर हवा.

परसातल्या कडकनाथचे गणित वेगळे. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखाली पिसे बाजूला केली की धावताना दिसतात, आणि पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरे झुबके असतात. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी उपचार पुन्हा करायचा. कोंबडीचे गोचीड आणि लाल माइट मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात व रात्री रक्त पितात. दिवसा पक्षी तपासला तर तो स्वच्छच दिसतो. रात्री टॉर्च घेऊन बसण्याच्या दांड्या पाहाव्यात. तिथे ते सापडले, तर औषध कोंबडीपेक्षा आधी खुराड्याला लागते.

दूध आणि अंडी किती दिवस वापरायची नाहीत, हे औषध घेतानाच विचारावे, आणि दुसऱ्या फवारणीची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहावी.