दशांशचिन्ह कुठं गेलं?

२७ जानेवारी २०२१ पासून राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरवायला परवानगी मिळाली आणि आमच्या खालापूर तालुक्यातल्या शाळेतही मुलं आली. तोंडाला मास्क, काखेत वह्या. दहा महिन्यांत मी त्यांच्या वह्या हातात घेतल्या नव्हत्या. त्या दिवशी गठ्ठा घरी आणला आणि रात्री एकेक वही उघडत बसले.

सातवीतल्या एका मुलीची वही अगदी नेटकी होती. अक्षर टपोरं, समास आखलेला, प्रत्येक पानावर तारीख. ऑगस्टमधल्या एका पानावर लिहिलं होतं, ३५ × १२ = ४२०. खाली ०६ × ४ = २४. मी थबकले. त्या तासाला मी शिकवलं होतं ३.५ × १.२ = ४.२० आणि ०.६ × ४ = २.४. दशांश अपूर्णांकांच्या गुणाकाराचा धडा होता तो, आणि पानभर एकही दशांशचिन्ह नव्हतं.

गंमत अशी, की गंमत तरी कसली म्हणायची, तिनं उतरवून घेतलेली सगळी गणितं बरोबर होती. पस्तीस बारे चारशे वीसच होतात. त्यामुळे तिला चूक दिसली नाही, तिच्या घरी कुणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "बाई, मला वाटलं तुम्ही उजळणी घेताय." डोंगराच्या कुशीतली तिची वाडी. रेंज यायची ती वरच्या टेपावर. तिथं जाऊन, वडिलांच्या लहानशा फोनवर तिनं सगळे तास केले होते. तिनं काही चुकवलं नव्हतं. दशांशचिन्ह माझ्या कागदावरून निघालं होतं, पण तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मंडळी, ते चिन्ह वाटेत कुठं हरवलं याचा शोध मी त्यानंतर घेतला. आजही अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी मिळते आणि मी घरून तास घेते, म्हणून तो शोध अजून उपयोगी पडतो.

माझी २०२० मधली मांडणी अशी होती. टेबलावर स्टीलचे डबे एकावर एक, त्यांना टेकून तिरका ठेवलेला फोन, आणि समोर अख्खा कागद. लेखणी म्हणजे नेहमीचं निळं बॉलपेन. माझ्या पडद्यावर सारं स्वच्छ दिसायचं. तिथंच मी फसले. आपल्या पडद्यावर दिसतं ते आपल्या कॅमेऱ्याचं ताजं चित्र. मुलांकडे जातं ते त्याचं दाबून लहान केलेलं रूप. रेंज कमी असली की ते आणखी लहान होतं.

याचा हिशेब सोपा आहे. मोबाईलच्या डेटावर चालणारं चित्र पुष्कळदा ६४० ठिपके रुंद आणि ३६० ठिपके उंच इतकंच उरतं. अख्खा उभा कागद जवळपास ३० सेंटिमीटर लांब. तो ३६० ठिपक्यांत बसवला, की एका सेंटिमीटरच्या वाट्याला १२ ठिपके येतात. बॉलपेनचं टिंब असतं अर्ध्या मिलिमीटरचं. म्हणजे त्याच्या वाट्याला पुरता एक ठिपकाही नाही! मग ते टिंब आसपासच्या पांढऱ्यात विरून जातं. माझं दशांशचिन्ह गेलं ते असं. मराठीच्या बाईंचे अनुस्वारही त्याच वाटेनं गेले असणार.

तेव्हा पहिली दुरुस्ती कॅमेऱ्याची नव्हे, कागदाची. मी ए-४ कागद मधोमध दुमडते आणि अर्धा कागद आडवा ठेवते. चित्राची रुंदी २४ सेंटिमीटर धरली, तर एका सेंटिमीटरला २६ ठिपके मिळतात, पूर्वीच्या दुपटीहून जास्त. बॉलपेनऐवजी काळं स्केचपेन घेते, त्याचं टिंब दीड मिलिमीटरचं. आता त्या टिंबाला चार ठिपके मिळतात आणि ते टिकतं. अक्षर सेंटिमीटरभर उंच काढायचं, एका कागदावर सहाच ओळी लिहायच्या. कागद जास्त लागतात, पण एका बाजूला छापलेल्या जुन्या कागदांची मागची बाजू चालते. फक्त मागची छपाई उमटून दिसत असेल, तर खाली आणखी एक कोरा कागद घालावा.

दुसरी दुरुस्ती फोन धरायची. २०२० साली पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेनं कपड्यांच्या हँगरला चिंध्यांनी फोन बांधून फळ्यावर शिकवलं होतं, ते चित्र देशभर फिरलं. त्याच सुमारास कुणी फ्रिजमधला पारदर्शक ट्रे दोन डब्यांवर आडवा ठेवून त्यावर फोन ठेवला होता. दोन्ही युक्त्या मी करून पाहिल्या. खाली कागद ठेवून वर हँगर टांगला, तर पंख्याच्या वाऱ्यानं तो डुलतो आणि कॅमेरा दर वेळी नव्यानं नजर जुळवत बसतो. ट्रे उत्तम, पण तो पुसलेला हवा, आणि फोन त्याच्यावर सपाट टेकलेला हवा. मध्ये फट राहिली की दिव्याची चमक भिंगात शिरते.

शेवटी मी जमिनीवर आले. गोडेतेलाचे १५ किलोचे दोन रिकामे डबे, सुमारे ३५ सेंटिमीटर उंच, हलू नयेत म्हणून आत तांदूळ. त्यांच्यात हात सहज फिरेल एवढं अंतर, आणि वर चार बोटं रुंदीची एक फळी. फोन फळीवर आडवा, पडदा वर, आणि मागच्या कॅमेऱ्याची कड फळीच्या बाहेर माझ्या बाजूला आलेली. दोन रबरबँड लावले की फोन घसरत नाही. एवढ्या उंचीवरून फोनला डबेसुद्धा दिसू लागले, म्हणून फोन खाली आणण्याऐवजी कागद वर उचलला. खाली पाट, पाटावर वह्यांचा गठ्ठा, त्यावर कागद. आता भिंगापासून कागद २२ सेंटिमीटरवर आहे आणि माझ्या फोनला तिथून २४ सेंटिमीटर रुंदी दिसते. प्रत्येक फोनचं हे माप निराळं, म्हणून कागदावर फूटपट्टी आडवी ठेवून किती सेंटिमीटर दिसतात ते वाचावं आणि गठ्ठ्यातल्या वह्या कमीजास्त कराव्यात.

फोन कागदाला समांतर आहे का, हे कागदाच्या कडांवरून कळतं. पडद्यावर त्या चौकटीच्या कडांशी सरळ दिसल्या पाहिजेत. वरची कड आखूड दिसली, तर फोन कलला आहे, आणि वरच्या ओळी बारीक नि पुसट होणार. बरोबर जमलं की कागदाच्या चारी कोपऱ्यांशी पाटावरच्या गठ्ठ्याला चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवाव्यात. नवा कागद डोळे झाकून जागेवर बसतो. सपाट ठेवलेला फोन कधी कधी चित्र उभं करतो. म्हणून आधी तो हातात आडवा धरायचा, चित्र वळू द्यायचं, ऑटो-रोटेट बंद करायचं आणि मगच फळीवर ठेवायचा. तासाला चेहऱ्यासाठी लॅपटॉप असेल, तर फोन दुसरा सहभागी म्हणून जोडावा, पण त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवावेत. नाहीतर कान किटेल असा आवाज घुमतो. मुलांना फोनचं चित्र पिन करायला सांगावं.

वेबकॅम वापरणाऱ्यांना एक सांगते. लॅपटॉपचा आणि पुष्कळ स्वस्त वेबकॅमचा नजरेचा पल्ला माणसाच्या चेहऱ्यासाठी कायमचा ठरवलेला असतो. इतक्या जवळचा कागद त्याला अंधुकच दिसतो. काहींच्या भिंगाभोवती हातानं फिरवायची कडी असते. ती हळूहळू फिरवून अक्षर टोकदार होतं का ते पाहावं. कडी नसेल, तर साधा फोनच बरा.

तिसरी गोष्ट उजेडाची. खालापूरला जुलैत सकाळी दहालाही दिवे लावावे लागतात. डोक्यावरची ट्यूब लावली, तर फोनची आणि माझ्या डोक्याची सावली नेमकी कागदावर पडते. म्हणून दिवा बाजूला हवा. मी उजव्या हातानं लिहिते, तेव्हा दिवा डाव्या अंगाला, किंचित पुढं आणि तिरका. सावली मग लिहिलेल्यावर न पडता हाताच्या उजवीकडे पडते. डावखुऱ्यांनी उलट करावं. खिडकीच्या उजेडावर विसंबू नये. ढग आला-गेला की कॅमेरा कागद गडद-फिका करत राहतो. पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिव्याचा लुकलुकाट. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडावं, फोन असेल तर दिवा बदलून पाहावा.

त्यातच एक फसवी गोष्ट आहे. कॅमेरा पूर्ण चित्राची सरासरी पाहून उजेड ठरवतो. कागदाभोवती काळं टेबल किंवा गडद सतरंजी दिसत असेल, तर तो सगळंच उजळ करतो, कागद पांढराफटक होतो आणि पेन्सिलीच्या रेघा उडून जातात. मी कागदाखाली वह्यांना घालतात तो खाकी कागद पसरते. तेवढ्यानं अक्षरं पुन्हा काळी दिसू लागली.

एवढं करूनही कागदावर हात फिरत असताना मुलांकडचं चित्र पुसट होतंच, कारण हलणारं सगळं पाठवायला रेंज पुरत नाही. म्हणून एक गणित झालं की मी हात बाजूला घेते आणि मनात दहा आकडे मोजते. चित्र थांबलं की अक्षर निवळतं. मग म्हणते, "आता उतरवा." तास संपल्यावर त्याच कागदांचे फोटो मुलांच्या गटावर पाठवते. रेंज अगदीच गेली असेल, तर पुढचे सारे उपाय सोडून तेवढंच करते.

आणि सर्वांत आधी, तास सुरू होताना, कागदावर एक ओळ लिहिते: ३.५, ३५, १/८, कि, की, पंत, पत. मग ज्याची रेंज सगळ्यांत वाईट, त्याला ती मोठ्यानं वाचायला लावते. मला काय दिसतं हे मी विचारात घेत नाही. "दिसतंय का?" असंही विचारत नाही, कारण मुलं होच म्हणतात. त्या मुलीलाही दिसत होतंच की, पस्तीस! पोरगं "तीन पॉइंट पाच, पस्तीस" असं म्हणालं की मी कागद बदलते आणि शिकवायला लागते. दोनदा पस्तीस म्हणालं, तर पाटावर आणखी एक वही चढते.