शुगर निघाली, विमा कंपनीला कळवायचं का?

आरोग्य विमा काढून दोन-तीन वर्षं झालेली असतात. एखाद्या साध्या तपासणीत शुगर वाढलेली निघते, गोळी सुरू होते, आणि काही महिन्यांत नूतनीकरणाची नोटीस येते. हप्त्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत एक वाक्य असतं: आरोग्यात काही बदल झाला असल्यास कंपनीस कळवावे. ऑनलाइन पैसे भरायला गेलं, तर तेच वाक्य उलटं होऊन समोर येतं. ‘माझ्या व माझ्या कुटुंबीयांच्या आरोग्यात कोणताही बदल झालेला नाही’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या चौकटीत खूण केल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

इथे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. एजंट म्हणतो, ‘कशाला उगाच सांगता, हप्ता वाढवतील.’ शेजारचे म्हणतात, ‘नाही सांगितलंत तर क्लेम बुडालाच म्हणून समजा.’ दोघंही अर्धवट बरोबर आहेत. पूर्ण उत्तरासाठी नूतनीकरण म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बिमन कृष्ण बोस यांच्या मेडिक्लेमच्या खटल्यात ते स्पष्ट केलं. नूतनीकरणाने करार नवा होतो, पण तो मूळ पॉलिसीच्याच अटींवर पुढे चालतो. कंपनीला मनाला येईल तसं नूतनीकरण नाकारता येत नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, हेच आपल्या नियमांत अधिक ठोसपणे आणलं. आज वैयक्तिक किंवा कौटुंबिक आरोग्य विम्यात विमा रक्कम तीच ठेवली असेल, तर कंपनीला नूतनीकरणाच्या वेळी तुमची जोखीम नव्याने तोलता येत नाही. नवा प्रस्ताव अर्ज मागणं किंवा वैद्यकीय तपासणीला पाठवणं हे त्यातच आलं. मागच्या वर्षी क्लेम केला म्हणून खर्च भरून देणाऱ्या पॉलिसीचं नूतनीकरण अडवता येत नाही, आणि त्या क्लेमपोटी एकट्या तुमच्याच हप्त्यावर लोडिंगही लावता येत नाही. वयाचा टप्पा ओलांडला किंवा त्या योजनेचे दर सगळ्यांसाठीच वाढले, तर हप्ता वाढतो. त्याचा तुमच्या शुगरशी संबंध नसतो.

शिवाय पॉलिसी सुरू झाल्यावर जडलेला आजार हा ‘पूर्वीपासूनचा आजार’ नसतोच. ती व्याख्या पॉलिसीच्या पहिल्या दिवसाच्या आधीच्या काळाकडे पाहते: त्याआधीच्या 36 महिन्यांत निदान झालं होतं का, सल्ला किंवा उपचार घेतले होते का. विमा घेतल्यावर उद्भवलेल्या मधुमेहाला त्या कारणाने प्रतीक्षा काळ लागू होत नाही. विमा घेतला तो अशाच दिवसासाठी.

मग कळवण्याची अट आहे तरी कशाला? कारण ती बऱ्याच पॉलिसींच्या मजकुरात खरोखर लिहिलेली असते. 2020 पासून सर्व कंपन्या विकतात त्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही हे कलम आहे. प्रस्ताव अर्जात जे सांगितलं त्याच्या संदर्भात जोखमीत महत्त्वाचा बदल झाला, तर विमाधारकाने प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी तो लेखी कळवावा, आणि गरज पडल्यास कंपनी संरक्षणाची व्याप्ती किंवा हप्ता बदलू शकेल, असं ते म्हणतं. एका हाताने नियामक सांगतो की नव्याने जोखीम तोलायची नाही आणि दुसरीकडे पॉलिसीचा कागद सांगतो की बदल कळवा, आम्ही बघू. ही ओढाताण खरी आहे. माझ्या मते तिचा अर्थ असा लावावा लागतो: कळवण्याचं काम तुमचं, पण रक्कम तीच असताना त्या माहितीचा वापर करून तुमचं संरक्षण कापणं किंवा हप्ता वाढवणं कंपनीच्या हातात नाही.

त्यामुळे आधी आपल्या पॉलिसीत असं कलम आहे का आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर नेमकं काय विचारलं आहे, ते पाहायचं. कलम नाही, प्रश्नही नाही, आणि रक्कम तीच, तर न कळवल्याने आभाळ कोसळत नाही. पण प्रश्न विचारला आणि तुम्ही ‘नाही’ असं लिहिलंत, तर तो मामला वेगळा. गप्प राहणं एक आणि खोटं लिहून देणं दुसरं. खोटं निवेदन आणि माहिती दडवणं ही नूतनीकरण नाकारण्याची मान्य कारणं आहेत. ‘तुम्हाला तपासणीचा अधिकारच नव्हता, मग माझ्या उत्तराने काय बिघडलं?’ असा युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळही नाही. पण तो करायची वेळ येते तेव्हा माणूस रुग्णालयात असतो आणि कॅशलेस नाकारलेलं असतं.

कळवण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा कायद्यापेक्षा तारखेत आहे. रुग्णालयात दाखल होताना निवासी डॉक्टर रुग्णाचा इतिहास विचारतात. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसतो, उत्तर देतो मेहुणा किंवा भाऊ. ‘शुगर आहे का?’ ‘आहे ना, झाली असतील आठ-दहा वर्षं.’ डॉक्टर केसपेपरवर लिहितात: मधुमेहाचा जुना रुग्ण, दहा वर्षं. पॉलिसी मात्र सहा वर्षांपूर्वीची. विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी टीपीए संस्था तो केसपेपर पॉलिसीच्या पहिल्या तारखेशी ताडून पाहते, आणि मग पत्र येतं: पहिल्या निदानाची कागदपत्रं पाठवा. अंदाजाने बोललेल्या एका आकड्यामुळे प्रामाणिक माणूस आजार लपवणारा ठरू शकतो. निदान झालं त्याच वर्षी कंपनीला लेखी कळवलेलं असेल, तर कंपनीच्याच दप्तरात त्याची तारीख पडलेली असते. म्हणून पहिला एचबीए1सीचा रिपोर्ट आणि गोळी सुरू केल्याची पहिली चिठ्ठी जपून ठेवावी, आणि नातेवाइकांना पक्की तारीख माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ एवढंच सांगायला सांगावं.

सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती दडवल्याच्या मुद्द्यावर कंपनीला पॉलिसी किंवा क्लेम आव्हानित करता येत नाही. 2024 पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण हे कवच त्या रकमेपुरतंच असतं, आणि खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

समजा, नाशिकच्या एका शिक्षकांनी जून 2020 मध्ये पाच लाखांची पॉलिसी घेतली. ऑगस्ट 2022 मध्ये मधुमेह निघाला. जून 2023 च्या नूतनीकरणात त्यांनी तो कळवला. रक्कम तीच, संरक्षण तेच. जून 2024 मध्ये मात्र त्यांना पाच लाख अपुरे वाटले आणि त्यांनी दहा लाखांची मागणी केली. आता वाढीव पाच लाखांपुरता कंपनीला पुन्हा सगळं तोलण्याचा अधिकार मिळाला. ती प्रश्नावली देईल, तपासणी सांगेल, वाढीव रक्कम नाकारूही शकेल. आणि त्या पाच लाखांच्या दृष्टीने 2022 चा मधुमेह हा पूर्वीपासूनचाच आजार झाला. कंपनीने वाढ दिली आणि 36 महिने, म्हणजे नियमाने कमाल असलेला, प्रतीक्षा काळ लावला, असं धरू.

जानेवारी 2026 मध्ये मधुमेहामुळे पायाला गँगरीन होऊन शस्त्रक्रिया झाली, संसर्ग पसरल्याने मुक्काम लांबला आणि बिल सात लाख झालं. जुन्या पाच लाखांतून नेहमीच्या वजावटी सोडून पैसे मिळतील. वरचे दोन लाख वाढीव रकमेत येतात, आणि तिथे मधुमेह व त्याची थेट गुंतागुंत यांवरचा प्रतीक्षा काळ जून 2027 पर्यंत चालू आहे. ते दोन लाख खिशातून. याच शिक्षकांना त्या महिन्यात रस्त्यावर अपघात झाला असता, तर पूर्ण दहा लाख उपलब्ध होते. साठ महिन्यांचं कवचसुद्धा असंच दुभंगलेलं: जुन्या पाच लाखांना ते जून 2025 मध्ये मिळालं, नव्या पाच लाखांना जून 2029 मध्ये मिळेल. म्हणून वाढीच्या अर्जावर मधुमेह लपवणं ही सर्वांत महागडी चूक. कंपनीने नीट विचारलेला, थेट जोखमीशी जोडलेला प्रश्न तिथे असतो, आणि त्यावर दिलेलं खोटं उत्तर बचावाला जागा ठेवत नाही. रक्कम वाढवायचीच असेल, तर धडधाकट असताना वाढवावी.

दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी पोर्ट करतानाही तसंच. पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ सोबत येतो, पण नवी कंपनी आजार विचारून नकार देऊ शकते. घरात नवा सभासद जोडला, तर त्याच्यापुरता प्रश्न नव्याने उभा राहतो. आणि वार्षिक हप्त्याला मिळणारी 30 दिवसांची सवलतीची मुदतही उलटून गेली, तर पॉलिसी खंडित होते. मग घ्यावी लागते ती नवी पॉलिसी, आणि कालपर्यंत बिनशर्त संरक्षित असलेला मधुमेह तिच्यासाठी पूर्वीपासूनचा आजार बनतो. नवा आजार निघाल्यावर हप्त्याची तारीख चुकवण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही.

आयुर्विम्याची गत निराळी. तिथे पॉलिसी चालू असेपर्यंत नवा आजार कळवावा लागत नाही. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुनरुज्जीवित करायची, तेव्हा मात्र प्रकृती चांगली असल्याचं निवेदन द्यावं लागतं. विमा कायद्याच्या कलम 45 मधली तीन वर्षांची मुदतही तेव्हापासून पुन्हा मोजली जाते.

आरोग्य विम्याच्या त्या ऑनलाइन चौकटीचं काय करायचं? खूण करण्याआधी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करावा: पॉलिसी क्रमांक, रुग्णाचं नाव, निदानाची तारीख, सोबत रिपोर्ट, आणि विमा रक्कम बदलत नसल्याचं एक वाक्य. त्यांचा पोच क्रमांक येऊ द्यावा आणि मग खूण न करता नूतनीकरण कसं करायचं ते विचारावं. शाखेतून करून घेता येतं. एजंटला फोनवर सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं, असं समजू नये. हे सगळं मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावं, नाहीतर उत्तराची वाट पाहता पाहता तारीखच निघून जाईल.

नवी पॉलिसी हातात आली की तिच्या तपशिलाच्या पानावर ‘पूर्वीपासूनचे आजार’ हा रकाना वाचावा. तिथे मधुमेह नव्याने लिहून पुढे प्रतीक्षा काळ टाकलेला दिसला आणि तुम्ही रक्कम वाढवलेली नसेल, तर ती नोंद चुकीची आहे. लगेच लेखी हरकत घ्यावी, पहिल्या पॉलिसीची आणि निदानाची तारीख शेजारी शेजारी देऊन. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लागत नाही.