वॉर्डात साखर उतरते तेव्हा : एक उजळणी

वॉर्डातल्या रुग्णाची रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपचार सुरू करायचे. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर समजायची. मेंदूला मुख्यतः साखरेवरच चालावे लागते आणि त्याच्याकडे साठा जवळपास नसतोच, म्हणून हे आकडे महत्त्वाचे. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकालाही ते माहीत असलेले बरे, कारण बदल बहुतेक वेळा आधी त्याच्याच लक्षात येतो.

एक उदाहरण घेऊ. ६८ वर्षांच्या बाई जुलाब-उलट्यांमुळे दाखल झाल्या आहेत. मधुमेह जुना, त्यासाठी घरी ग्लिमेपिराइडची गोळी. दोन दिवसांत शरीरातले पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडांवर ताण आलेला, क्रिएटिनीन २.६. जेवण म्हणजे दोन-चार चमचे पेज. गोळ्यांचा डबा मात्र पिशवीत सोबत आलेला, आणि ‘रोजची गोळी चुकायला नको’ म्हणून सुनेने ती संध्याकाळी दिलेली. केसपेपरवर त्याची नोंद नाही. रात्री तीनच्या सुमारास बाई पुटपुटू लागतात, सुनेला ओळखत नाहीत, हाताला लावलेली सुई ओढू पाहतात. कपाळ आणि मान घामाने चिंब.

ओळखायचे कसे

साखर घसरू लागली की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते : दरदरून घाम, हातांना कापरे, धडधड, अचानक लागलेली भूक. आणखी घसरली की मेंदूच उपाशी पडतो. मग बोलणे अडखळते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, पेंगतो. पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. कधी एका बाजूचे हातपाय लुळे पडतात आणि अर्धांगाचा झटका आला असे वाटते. म्हणून वॉर्डात कुणाचेही भान अचानक बदलले की आधी बोटाची साखर बघायची.

पहिली पायरी प्रत्येकात दिसत नाही. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्यांत आणि वारंवार साखर उतरणाऱ्यांत ही घंटा मंदावते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर कापरे आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र सहसा येतोच. रात्री तर सगळेच झोपेखाली दडते. पहाटे ओली झालेली उशी आणि ‘आज उठतच नाहीत’ ही तक्रार मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते.

ग्लुकोमीटर वापरताना बोट पाण्याने धुऊन कोरडे करून घ्यावे. फळ सोललेल्या बोटावरची साखर आकडा खोटा वाढवते आणि खरी घसरण लपते. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणे स्पष्ट असतील, तर आकड्यासाठी थांबू नये.

शुद्धीवर असेल तर, नसेल तर

रुग्ण जागा आहे, नीट गिळतो आहे, तर तोंडावाटे १५ ते २० ग्रॅम झटपट लागू पडणारी साखर द्यायची. म्हणजे अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर किंवा तितक्याच वजनाची ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचे. ७० च्या वर आली नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा. साखर वर आल्यावर पोळी, बिस्किटे किंवा दूध द्यायचे, नाहीतर ती पुन्हा उतरते. सुरुवातीलाच पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. एक बारकावा आपल्याकडे हमखास विसरला जातो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याच्या आतड्यात घरची साखर लवकर फुटत नाही. त्याला ग्लुकोजच लागते.

आपल्या उदाहरणातल्या बाईंना तोंडाने काहीही द्यायचे नाही. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. माया म्हणून केलेली ही गोष्ट जीवावर बेतते.

मीटरवर आकडा येतो ३८. सिस्टर डॉक्टरांना हाक मारतात आणि शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीलिटरची बाटली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, दहा-पंधरा मिनिटांत दिली जाते. सुई शिरेतच आहे ना, हे आधी पाहावे लागते, कारण इतके दाट द्रावण बाहेर झिरपले तर कातडी आणि आतले मांस जळते. १० टक्क्यांचे १५० ते २०० मिलीलिटरही चालते आणि शिरेला ते सोसते. शीर सापडतच नसेल तर ग्लुकॅगॉनचे १ मिलिग्रॅम स्नायूत देता येते. मात्र ते यकृतातला साठा मोकळा करते, त्यामुळे उपाशी किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णात त्याच्यावर भरवसा ठेवू नये. दारूचे व्यसन असलेल्याला ग्लुकोजसोबत थायमिनही द्यावे, पण त्यासाठी ग्लुकोज अडवू नये.

इथे नातेवाईक नेहमी विचारतात, ‘सलाईन तर चालू होती, मग साखर कमी कशी झाली?’ साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, साखर नसते. रिंगर लॅक्टेटमध्येही ग्लुकोज नसते.

साखर वर आली, पण काम संपले नाही

पंधरा मिनिटांनी बाईंचा आकडा १४२. त्या सुनेला नावाने हाक मारतात, चहा मागतात. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमकी इथेच मोठी चूक होते. साडेपाचला पुन्हा पाहिले तर ५१.

कारण ती गोळी. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही एकाच घराण्यातली औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. मूत्रपिंडे मंदावली की त्यांचा, विशेषतः ग्लिबेनक्लामाइडचा, अंमल लांबतो. वरून दिलेले ग्लुकोजही स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला उद्युक्त करते. इन्सुलिन निकामी करण्यातही मूत्रपिंडांचा वाटा असतो, त्यामुळे तेही जास्त वेळ टिकते. म्हणून अशा रुग्णाला एक बाटली देऊन मोकळे होता येत नाही. १० टक्के डेक्स्ट्रोज थेंबाथेंबाने चालू ठेवायचे, सुरुवातीला दर तासाला साखर बघायची आणि किमान २४ तास नजर ठेवायची. तरीही घसरत राहिली तर डॉक्टर ऑक्ट्रिओटाइडचे ५० मायक्रोग्रॅम कातडीखाली देतात, ते इन्सुलिन सुटणेच रोखते. शुद्ध नीट आल्यावर खाणे सुरू करायचे.

कारण शोधताना

बाईंच्या बाबतीत कारण पिशवीत सापडले. इतरत्र ते बहुधा जेवण आणि औषध यांच्या फारकतीत असते : इन्सुलिन वेळेवर टोचले पण ताट उशिरा आले, सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवले पण डोस तोच राहिला, स्टिरॉइड कमी केले पण इन्सुलिन कमी केले नाही. नाकातल्या नळीतून जाणारे अन्न थांबले तरी हेच होते.

सिरिंजची गफलत वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींत मिळते. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. लाल सिरिंजमध्ये १०० ताकदीचे औषध १० च्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात २५ युनिट जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोघांनी मिळून वाचला तर हे टळते.

साखर एकदा उतरली म्हणून टाइप १ च्या रुग्णाचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन बंद करायचे नाही, डोस कमी करायचा. ते तोडले तर काही तासांतच किटोॲसिडोसिसचा धोका उभा राहतो. आपल्या बाईंची ग्लिमेपिराइड मात्र थांबवायची, पिशवीतला डबा सिस्टरांच्या ताब्यात द्यायचा, आणि घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘ही गोळी बंद, क्रिएटिनीन पुन्हा तपासून मगच पुढचा निर्णय’ असे मराठीत लिहून सुनेकडून वाचून घ्यायचे.